टेबल आवरण्याआधी एक फोटो काढा

अभ्यासाचं टेबल आवरण्याआधी खुर्चीत बसून, डोळ्यांच्या उंचीवरून समोरचा फोटो काढा. रोज बघून नजर सरावलेली असते, फोटोत मात्र पसारा लगेच दिसतो. माझ्या दहावीतल्या भाचीच्या फोटोत चार्जर, चहाचा कप, नववीची गाईडं आणि तीन कंपासपेट्या होत्या. ज्या गणिताला ती बसली होती, त्याचं पुस्तक सगळ्यात खाली!

लिहिताना समोर दिसणारं सगळं आम्ही उचललं. आता टेबलावर चालू विषयाचं पुस्तक, वही, पेन आणि पाण्याची बाटली एवढंच असतं. चार्जर बाहेरच्या खोलीत गेला, म्हणजे फोनही तिकडेच राहतो. शेल्फच्या हाताशी येणाऱ्या कप्प्यात यंदाची पुस्तकं विषयवार उभी लावली. आडव्या गठ्ठ्यातलं खालचं पुस्तक ओढलं की गठ्ठा कोसळतो, आणि तो लावण्यात अभ्यास राहून जातो. नववीचं सगळं वरच्या कप्प्यात गेलं.

एक फोटो रात्री, लिहितानाही काढा. वहीवर हाताची सावली पडत असेल तर दिवा दुसऱ्या बाजूला हलवा; उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना तो डावीकडे हवा. आठवड्याने त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. जी वस्तू टेबलावर परत आलेली दिसेल, तिला अजून पक्की जागा मिळालेली नाही.