स्प्रेडशीटमध्ये फक्त सूत्रांनी मूव्हिंग ॲव्हरेज, आरएसआय आणि क्रॉसओव्हरचा इशारा

पहिल्या ओळीत शीर्षकं ठेवा आणि दुसऱ्या ओळीपासून आकडे भरा: `A` मध्ये तारीख, `B` मध्ये शेअरचा त्या दिवसाचा बंद भाव. निदान शंभर दिवसांचे भाव घ्या. शंभरच का, ते पुढे येईलच. क्रम मात्र जुन्याकडून नव्याकडे हवा. उतरवून घेतलेल्या फाइलींमध्ये बरेचदा ताजी तारीख सगळ्यात वर असते. ती तशीच राहिली तर एकही एरर दिसत नाही, पण आरएसआय, म्हणजे भावाच्या चढ-उताराचा जोर मोजणारा आकडा, वाढीला घट आणि घटीला वाढ समजून बसतो.

आता ५ आणि २० दिवसांच्या साध्या सरासऱ्या काढू. पहिलं सूत्र `C6` मध्ये आणि दुसरं `D21` मध्ये लिहून दोन्ही खाली ओढा.

```
=AVERAGE(B2:B6)
=AVERAGE(B2:B21)
```

इथली चूक सहज लक्षात येत नाही. भावांपैकी एखादा मजकूर म्हणून आलेला असला, तर `AVERAGE` त्याला मुकाट्याने वगळतं आणि पाचाऐवजी चारच भावांची सरासरी देतं. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये `=COUNT(B2:B21)` लिहून बघा. २० पेक्षा कमी आकडा आला, तर त्या पट्ट्यात एखादा भाव मजकूर आहे किंवा सेल रिकामा आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे ५ दिवसांची रेषा २० दिवसांच्या रेषेला ओलांडते तो दिवस. नवशिके नुसतं `C22>D22` तपासतात आणि मग महिनाभर रोज ‘वर’ दिसत राहतं. आपल्याला ओलांडण्याचा नेमका क्षण हवा आहे, म्हणून काल कोण वर होतं हेही विचारावं लागतं. हे `E22` मध्ये:

```
=IF(AND(C21<=D21,C22>D22),"वर",
 IF(AND(C21>=D21,C22<D22),"खाली",""))
```

सुरुवात `E22` पासूनच करा, `E21` पासून नको. `D20` रिकामा असतो आणि तुलनेत रिकामा सेल शून्य धरला जातो. त्यामुळे `C20` आपोआप ‘वर’ ठरतो. मग `C21` जर `D21` च्या खाली असला, तर कधी घडलंच नाही असं एक ‘खाली’ उमटतं.

आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडला. मुदत १४ दिवसांची. गेल्या काही दिवसांच्या हालचालीत वाढीचा वाटा किती टक्के, एवढंच तो सांगतो. आधी `F3` मध्ये वाढ आणि `G3` मध्ये घट वेगळी करू:

```
=MAX(B3-B2,0)
=MAX(B2-B3,0)
```

हे दोन्ही खाली ओढा. `H` मध्ये वाढीची सरासरी येईल. पहिली साधी, `H16` मध्ये; पुढच्या सगळ्या वाइल्डरच्या रीतीने, `H17` पासून खाली:

```
=AVERAGE(F3:F16)
=(H16*13+F17)/14
```

`I` मध्ये घटीसाठी हेच करा, फक्त `F` च्या जागी `G` आणि `H` च्या जागी `I`. मग `J16` मध्ये:

```
=IF(H16+I16=0,50,100*H16/(H16+I16))
```

पुस्तकात सूत्र वेगळं दिसतं, १०० वजा अमुक भागिले तमुक असं. उत्तर तेच येतं, पण त्या रूपात घटीची सरासरी शून्य झाली की भागाकार अडतो. हे रूप तेव्हा सरळ १०० देतं. भाव अजिबातच हलला नसेल तर मधला ५० हा माझा सोयीचा आकडा आहे.

हातानं एकदा पडताळू. समजा, काल वाढीची सरासरी १.२ आणि घटीची ०.८ होती, म्हणजे आरएसआय ६०. आज भाव २.८ ने पडला. वाढीची सरासरी १.२ × १३ ÷ १४, म्हणजे सुमारे १.११४. घटीची (०.८ × १३ + २.८) ÷ १४, म्हणजे सुमारे ०.९४३. आरएसआय ५४.२ वर आला.

तुमचा आकडा चार्टवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर आधी ओळी मोजा. प्रत्येक नव्या दिवशी जुन्या सरासरीचा १३/१४ भाग शिल्लक राहतो, त्यामुळे पहिल्या साध्या सरासरीचा ठसा हळूहळूच पुसला जातो. साठ दिवसांनी तो साधारण एक टक्का उरतो. वीस-पंचवीस ओळींवर काढलेला आरएसआय म्हणूनच चार्टपेक्षा चांगलाच वेगळा निघू शकतो.

आरएसआय ७० च्या वर गेला की माल ‘ओव्हरबॉट’, म्हणजे अति खरेदी झालेला, आणि ३० च्या खाली गेला की ‘ओव्हरसोल्ड’, म्हणजे अति विक्री झालेला, म्हणतात. जोरदार तेजीत तो कित्येक दिवस ७० च्या वर टिकतो, तेव्हा नुसत्या त्या रेषेवरून विक्री करत सुटू नका.

जुन्या भावांवर हे इशारे तपासताना २२व्या ओळीतल्या इशाऱ्याला `B22` चा भाव धरू नका. तो भाव बंद झाल्यावरच इशारा तयार झालेला असतो. खरेदीचा भाव `B23` मधून घ्या.