हात धुण्याच्या अ‍ॅनिमेशन मालिकेसाठी निधी मागताना: पत्राआधीची तयारी

पत्र लिहायला बसण्याआधी, ज्या शाळा त्यात घालणार त्यांच्या नळांपाशी माध्यान्ह आहाराच्या वेळी जाऊन उभं राहा. गोव्यात सत्तरी किंवा पेडण्यातल्या दोन-तीन सरकारी प्राथमिक शाळा पुरे. स्वयंसाहाय्य गटाची पाव-भाजी येते, घंटा होते, मुलं नळाकडे धावतात. नळ किती, मुलं किती आणि साबण कुठे, एवढं वहीत टिपा. साबण बाईंच्या कपाटात कुलपात असला तर नवल नाही. बाहेर ठेवलेली वडी गटारात तरी पडते, नाहीतर दप्तरातून घरी जाते. 40 मुलं, 2 नळ आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट धरला, तर रांग संपायला 10 मिनिटं लागतात. ती मधल्या सुट्टीतून कशी काढायची, हे मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा, कारण निधी देणाऱ्या ट्रस्टच्या विश्वस्तांपैकी कुणीतरी हे विचारणारच.

साबणाचा प्रश्न सुटला नसेल तर फिल्मसाठी निधी मागू नका. सोपी सोय म्हणजे साबणपाणी: दीड लिटर पाण्यात 30 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत. वडीसारखं ते कुणी पळवत नाही आणि खर्चही किरकोळ. हा खर्च अंदाजपत्रकातच धरा.

मग पुरावा. जंतूंवर अर्धं पान लिहिण्याचा मोह टाळा. ते विश्वस्तांना ठाऊक असतं. फिल्मने सवय बदलते का, ही त्यांची खरी शंका. त्यासाठी आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यातली ‘सुपरअम्मा’ मोहीम हाताशी ठेवा. तिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे अ‍ॅनिमेशन फिल्म होती, पण भर आजारांच्या भीतीवर नव्हता. आईची माया आणि किळस यांवर होता. मोक्याच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण 1 टक्क्यावरून सहा महिन्यांत 37 टक्क्यांवर गेलं. मोहीम न झालेल्या गावांत ते 6 टक्केच राहिलं. मात्र तिथे गावात कार्यक्रम, शाळेत भेटी असं बरंच काही फिल्मच्या जोडीला होतं. हेही पत्रात लिहा. नुसत्या फिल्मच्या नावावर 37 टक्के खपवलेत आणि कुणी मूळ अभ्यास उघडला, तर पुढचं पत्र कोणी वाचणार नाही.

यातूनच तुमची मालिका ठरते. उदाहरणादाखल, 60 सेकंदांचे 5 भाग. सेकंदाला 24 फ्रेम असतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी एका भागाला 720 चित्रं लागतात, म्हणून कागदी कातरकामासारखी सुट्या अवयवांची पात्रं घ्या, ती पुन्हा पुन्हा वापरता येतात. पात्रांच्या तोंडी संवाद देऊ नका, निवेदक बोलू दे. मग मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही आवृत्त्यांना चित्रं तीच राहतात, ओठांची हालचाल दोनदा करावी लागत नाही. पडद्यावर अक्षरंही नकोत.

हिशेब असा मांडता येईल: अ‍ॅनिमेशन मिनिटाला 24,000 धरून 1,20,000, पटकथा आणि अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांची आवाजासह चाचणी फिल्म, 30,000, दोन भाषांचं ध्वनिमुद्रण 35,000, 10 शाळांना साबणपाण्याच्या बाटल्या आणि पावडर 15,000, पाहणीचा प्रवास 20,000. वर 10 टक्के अनपेक्षित खर्च. एकूण 2,42,000. दर आपल्या कलाकारांकडून लेखी घ्या. हा आकडा, 5 भाग आणि कधीपर्यंत, हे तिन्ही पत्राच्या पहिल्या परिच्छेदात हवं. तारीख ठरवताना चतुर्थीच्या सुट्ट्या वगळा; 15 ऑक्टोबरच्या जागतिक हात धुण्याच्या दिवशी दाखवायचं असेल, तर ध्वनिमुद्रण चतुर्थीपूर्वी संपलेलं बरं.

परिणाम कसा मोजणार, हे लिहिताना ‘मुलांना विचारू’ असं लिहू नका. विचारलं की सगळीच हात धुतात. बाहेरचा माणूस वही घेऊन उभा राहिला तरी मुलं शहाण्यासारखी वागतात. आठवड्याला बाटलीतलं साबणपाणी किती उतरलं, हे खूण करून पाहणं जास्त खरं, अर्थात बाईंनी त्यात फळा पुसायचं फडकं धुतलं नाही तर. पाहणी फिल्मआधी एकदा, नंतर लगेच आणि तीन महिन्यांनी. तिसरी पाहणी अनेकजण खर्च वाचवायला गाळतात, तीच ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: तुमची संस्था नसेल तर पैसे घ्यायला प्राप्तिकर खात्याची करसवलतीची नोंदणी असलेली संस्था शोधा, कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी असेल तर सीएसआर-1 नोंदणीही. शिक्षण संचालनालयाची परवानगी आणि मुलांच्या फोटोसाठी पालकांची लेखी संमती.

सोबत पहिल्या भागाचा 30 सेकंदांचा अ‍ॅनिमॅटिक जोडा, कच्ची चित्रं आणि फोनवर मुद्रित केलेला आवाज चालेल. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल एवढी हलकी ठेवा, आणि आधी ती एखाद्या दुसरीतल्या मुलाला दाखवून त्यातल्या पात्राबद्दल ‘ती काय करते आहे?’ एवढंच विचारा.