फोटोतला क्रेमा बघून एस्प्रेसो कसा पारखावा

एस्प्रेसोवरचा तपकिरी, बारीक फेसाचा थर म्हणजे क्रेमा. भाजलेल्या कॉफीबियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. साधारण ९ बार दाबाच्या गरम पाण्यात तो विरघळतो आणि कॉफी कपात उतरताना दाब सुटला की बारीक बुडबुड्यांच्या रूपात वर येतो. म्हणजे बी किती ताजी, दळण कसं, पाणी किती वेगाने गेलं, याची थोडीफार नोंद या थरात उमटते. तीच फोटोतून वाचायची आहे.

आधी फोटो कामाचा आहे का ते बघा. कॅपुचिनो, लाटे वगैरे बाद, कारण तिथे वर दिसतो तो दुधाचा फेस. अमेरिकानोही सोडा, पाण्याने क्रेमा विरळ होतो. मेनूकार्डावरच्या फोटोंवर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. फोटो कॉफी टेबलावर येताच काढलेला हवा. तो उशिरा काढला असेल तर कपाच्या आतल्या भिंतीवर, क्रेमाच्या वर, एक सुकलेली तपकिरी रेघ दिसते. थर तिथून खाली बसलेला असतो, त्यामुळे आता त्याची जाडी मोजण्यात अर्थ नाही.

आता रंग, पण क्रेमाचा नव्हे, कपाचा. कॅफेतले पिवळे दिवे सगळ्यालाच सोनेरी छटा देतात. कप किंवा बशी पांढरी असेल तर फोन एडिटमध्ये रंगाचं तापमान निळ्याकडे सरकवत न्या. बशी पांढरी दिसू लागली की थांबा आणि मगच क्रेमाकडे बघा. फोटोवर आधीच फिल्टर चढवलेला असेल तर रंगावरून निकाल देऊ नका.

नीट उतरलेल्या एस्प्रेसोचा क्रेमा हेझलनटच्या सालीसारखा लालसर तपकिरी असतो, बहुधा त्यावर गडद रेषा किंवा ठिपके असतात. फिकट पिवळट, पातळ आणि मध्ये विरलेला थर दिसला तर दळण जाड असण्याची किंवा कॉफी कमी भरल्याची शक्यता असते. पाणी झरकन निघून जातं आणि चव आंबट, पाणचट लागते. उलट थर काळपट, कडेला गडद आणि मधोमध पांढरा डाग किंवा भोक असेल तर कॉफी जास्त वेळ उतरली, चव कडू आणि करपट. थर जवळपास नाहीच, तर बिया शिळ्या असाव्यात. पण हलक्या भाजणीच्या अरेबिका जातीच्या कॉफीचा क्रेमा मुळातच पातळ असतो, तेव्हा त्याला लगेच नापास करू नका.

जाडी वरून काढलेल्या फोटोत कळत नाही. काचेचा ग्लास बाजूने टिपलेला हवा. स्क्रीनवर पट्टी धरून क्रेमासकट कॉफीची उंची मोजा, मग नुसता क्रेमा मोजा. समजा पहिली ३० मिलिमीटर भरली आणि दुसरी ३, म्हणजे दहावा हिस्सा. प्रत्यक्ष ग्लासात कॉफी ४ सेंटिमीटर असेल तर क्रेमा ४ मिलिमीटर झाला, आणि एवढा उत्तम.

पण जाड म्हणजे चांगलाच, हा समज सोडा. एक उदाहरण घ्या. ग्लास बाजूने टिपलेला, मोजल्यावर क्रेमा जवळपास पाचवा हिस्सा. पिवळा प्रकाश काढल्यावर रंग लालसर न राहता करडा-तपकिरी होतो, आणि फोटो मोठा केला की मोठे बुडबुडे दिसतात. इथे तीन शक्यता आहेत. मिश्रणात रोबस्टा जातीची कॉफी भरपूर असेल. कूर्ग आणि वायनाडकडच्या मळ्यांत ती बरीच पिकते, तिचा क्रेमा जाड आणि टिकाऊ असतो आणि म्हणूनच इटलीतल्या अनेक मिश्रणांतही ती घालतात. दुसरी शक्यता, बिया भाजून दोनतीन दिवसच झाले असतील, तेव्हा वायू इतका असतो की थर फुगतो आणि पटकन बसतो. तिसरी, यंत्रात दाबाची जाळी असेल. ती एकाच बारीक छिद्रातून कॉफी ढकलून शिळ्या पुडीवरही फेस उठवते, पण त्यात रेषा नसतात आणि रंग एकसारखा असतो.

या तिघांत फरक करायला एका फोटोने भागत नाही. फोटो काढणाऱ्याला सांगा, दोन मिनिटं थांब, न ढवळता त्याच जागेवरून पुन्हा एक काढ. थर जवळजवळ तेवढाच राहिला तर रोबस्टाकडे बोट दाखवा. निम्म्याहून जास्त बसला आणि मोठ्या बुडबुड्यांचं कडं उरलं, तर बिया फार ताज्या किंवा फेस जाळीचा. त्या दोघांतलं कोणतं, हे पिऊन किंवा काउंटरवर यंत्र बघूनच कळेल. कॉफीची चव मात्र यातल्या कुठल्याही फोटोतून खात्रीने सांगता येणार नाही, आणि नुसता क्रेमा चाखूनही नाही, कारण तो बराच कडू लागतो, चांगल्या कपावरचा असला तरी.