चित्र तेच, शेजार बदलला: शाळेच्या प्रदर्शनाची मांडणी

धरा, विषय आहे ‘तापी’, मुलांनी काढलेली चित्रं चोवीस आणि जागा एक वर्गखोली. बहुतेक शाळांत पाचवीची एका भिंतीवर, सहावीची दुसऱ्या भिंतीवर असं वर्गवार लावून मोकळं होतात. मग पाहणारा फक्त आपल्या पोराचं नाव शोधतो आणि तापी बाजूला राहते.

आधी प्रत्येक चित्राची पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी करा. मागे एकच ओळ लिहा: चित्रात काय चाललंय? ‘छान रंगकाम’ असलं काही नको. चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि सोळा निवडा. उरलेल्या आठ चित्रांची फाइल करून ती टेबलावर ठेवा, म्हणजे कुणी रुसणार नाही.

आता क्रम. नदीच्या वाटेने जायचं, तर चांगदेवचा पूर्णा-संगम, हतनूर धरण, मग प्रकाशा असा पूर्वेकडून पश्चिमेकडे ओघ येतो. ऋतूंनी जायचं, तर पूर, केळीबागा, कोरडं पात्र. दोन्ही क्रम चालतात, पण एकच घ्या. मध्येच बदललात की पाहणाऱ्याचा धागा तुटतो.

खरी गंमत शेजाराची आहे. कोरड्या पात्रात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचं चित्र घ्या. ते डुंबणाऱ्या पोरांशेजारी लावलं, तर उन्हाळी सुट्टीची मजा वाटते. केळीला पाणी उपसणाऱ्या मोटारीनंतर लावलं, तर ‘पाणी गेलं कुठे?’ असा प्रश्न उभा राहतो. पुराच्या चित्रानंतर ते ऋतुचक्र होतं. चित्रात एक रेघही बदललेली नसते. म्हणून अशा चित्राच्या दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या अदलाबदल करून पाहा आणि तुम्हाला हवा तो अर्थ ठरवून घ्या. कॅप्शनमध्ये मात्र तो सांगू नका. तिथे नाव, इयत्ता आणि चित्राचं शीर्षक पुरे.

चार-चार चित्रांचे चार गट करा. आडवा कागद ३८ सेंटिमीटरचा असेल आणि गटातलं अंतर १५ ठेवलं, तर गट साधारण दोन मीटरचा होतो. दोन गटांमध्ये ९० सेंटिमीटर मोकळी भिंत सोडा. सगळीकडे सारखंच अंतर ठेवलं, तर गट दिसतच नाहीत, नुसती रांग दिसते. कोपऱ्यात गट मोडू नका: तिथली दोन चित्रं समोरासमोर आल्यासारखी एकदम दिसतात आणि नको ते नातं जुळतं.

उंची मोठ्यांच्या डोळ्यांनी ठरवू नका. पाचवी ते नववीची मुलं पाहणार असतील, तर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १३० सेंटिमीटरवर घ्या आणि सुतळी ताणून रेष आखा.

दारातून आत येऊन डावीकडे वळलं, की भिंत डाव्या हाताला राहते आणि चित्रं डावीकडून उजवीकडे वाचली जातात. तो रस्ता मोकळा ठेवा. उजवीकडे टेबल आडवं लावलं की लोक आपोआप तिकडे वळत नाहीत. दाराला लागून पहिलं चित्र नको, नाहीतर गर्दी उंबऱ्यातच अडते.

शेवटी दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाला काही न सांगता फिरवा आणि विचारा, ‘काय दिसलं?’ त्याने सुटी चित्रं मोजून दाखवली, तर चिठ्ठ्या पुन्हा जमिनीवर मांडा.