शासन निर्णयाचं माहितीपत्रक करताना: एका मोठ्या प्रॉम्प्टऐवजी चार छोटे

संस्थांमध्ये किंवा कार्यालयांत भाषा-मॉडेल वापरायला नव्याने लागलेल्यांकडे हे काम हमखास येतं: दहा-बारा पानांचा शासन निर्णय घ्या आणि लोकांना कळेल असं एका पानाचं माहितीपत्रक करून द्या. पहिला मोह होतो तो पूर्ण मजकूर चिकटवून 'याचं सोप्या मराठीत माहितीपत्रक कर' एवढंच सांगण्याचा. उत्तर गुळगुळीत येतं, वाचायला छान वाटतं, आणि त्यातलं कोणतं वाक्य चुकलंय हे कळायला पुन्हा सगळा निर्णय वाचावा लागतो.

या एका मागणीत चार कामं दडलेली असतात: मजकुरातून अटी शोधणं, त्या वेगळ्या लावणं, सोप्या भाषेत लिहिणं आणि लिहिलेलं मूळाशी ताडून पाहणं. ती सुटी केली की प्रत्येक कामाच्या शेवटी थांबून तपासता येतं. पण नुसते तुकडे पाडून भागत नाही. समजा, प्रत्येक टप्पा शंभरात ९५ वेळा बरोबर येतो. तपासणी न करता असे चार टप्पे जोडले, तर चारही बरोबर येण्याची शक्यता ८१ टक्क्यांवर येते. म्हणून काम कुठे तोडायचं याची कसोटी एकच: जिथे मिळालेलं उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येतं, तिथे तोडा.

मॉडेलकडे जाण्याआधी मजकूर नीट करून घ्या. पीडीएफ स्कॅन केलेली असेल, किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल, तर कॉपी केल्यावर हाती कचरा येतो आणि मॉडेल तो कचरा अंदाजाने 'दुरुस्त' करतं. पहिला परिच्छेद स्वतः वाचून बघा. मग 'वाचा' या मथळ्याखालची जुन्या निर्णयांची यादी वेगळी काढून ठेवा. ती तशीच राहिली तर जुन्या निर्णयाची तारीख नव्या योजनेची म्हणून पत्रकात उतरते. उरलेला मजकूर कलमाकलमाने तोडून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. हे हाताने किंवा साध्या कोडने करा, मॉडेलवर सोडू नका, कारण पुढची मोजदाद याच क्रमांकांवर उभी राहते.

पहिला प्रॉम्प्ट फक्त शोधण्याचा: 'खालील प्रत्येक कलमातील अट, रक्कम, मुदत किंवा कागदपत्र यांची ओळ तयार कर. ओळीत कलम क्रमांक, मूळ वाक्य जसंच्या तसं, आणि अपवाद असल्यास तो, हे तीन रकाने हवेत. कलमात असं काही नसेल तर "काही नाही" लिही.' सोपं करण्याचा शब्दही इथे काढायचा नाही. मॉडेलला सोपं लिहायला सांगितलं की ते मूळ वाक्य बदलू लागतं आणि मग ताडून बघायला काही उरत नाही.

तपासणीत दोन गोष्टी बघायच्या. सगळे क्रमांक यादीत आले का, यावरून सुटलेलं कलम सापडतं. उद्धृत वाक्य त्याच कलमात खरंच आहे का, यावरून रचलेलं वाक्य सापडतं. दुसरी तपासणी कोडने करायची, पण मराठीत ती सरळ केली तर बरोबर ओळीही नापास होतात. 'दुसऱ्या' मधला 'ऱ्य' दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण संगणकाला वेगळा, आणि नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशनही हा फरक मिटवत नाही. मूळात '२,५०,०००' आणि उत्तरात '2,50,000' असंही होतं. म्हणून दोन्ही बाजू आधी सारख्या करून घ्यायच्या:

```python
import re, unicodedata
ANK = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub("[\u200b-\u200d]", "", s)
    return re.sub(r"\s+", " ", s.translate(ANK)).strip()

def napas(r, kalame):
    q = saaf(r["vakya"])
    return not q or q not in saaf(kalame.get(r["kalam"], ""))
```

शेवटच्या ओळीतलं `not q` विसरू नका. रिकामं वाक्य कोणत्याही मजकुरात 'सापडतं', त्यामुळे मॉडेलने रकाना मोकळा सोडला तरी ती ओळ पास होते. 'काही नाही' लिहिलेली कलमं मात्र या कोडमधून न घालवता स्वतः एकदा वाचून घ्या. ती सहसा थोडीच असतात.

आता अपवादाचा रकाना. समजा, कलम ४.३ असं आहे: 'अर्जदाराच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न रु. २,५०,०००/- पेक्षा अधिक नसावे. तथापि, कलम ४.५ मधील अर्जदारांस ही अट लागू राहणार नाही.' मॉडेल पहिलं वाक्य अचूक उचलतं आणि दुसरं सोडून देतं. क्रमांकही आहे, उद्धरणही जुळतं, म्हणून दोन्ही तपासण्या पास होतात, पण ज्यांना सूट आहे तेच अर्जदार पत्रक वाचून घरी बसतात. शासकीय मराठीची घडण इथे आपल्या कामी येते. अपवाद बहुतेक वेळा 'तथापि', 'परंतु', 'वगळून', 'वगळता', 'अपवाद' अशा शब्दांनी येतो. कलमात यांतला शब्द असून अपवादाचा रकाना रिकामा असेल, तर ती ओळ अडवायची.

नापास ओळी परत पाठवताना सगळी यादी पुन्हा मागू नका, नाहीतर बरोबर आलेल्या ओळीही बदलतात. फक्त ते कलम, ती ओळ आणि नेमकी चूक द्या: 'कलम ४.३ मध्ये "तथापि" आहे, अपवाद भरलेला नाही.' दोनदा सांगूनही जमलं नाही तर ती ओळ माणसाने भरावी. अशा वेळी बहुधा मूळ कलमच संदिग्ध असतं.

दुसरा प्रॉम्प्ट ओळींची विभागणी करतो: पात्रता, कागदपत्रं, मुदत, रक्कम, कार्यालयीन कार्यपद्धती. शेवटचा गट पत्रकात जात नाही, म्हणून त्यात काय पडलंय ते नजरेखालून घाला. प्रत्येक ओळ एकाच गटात आली का, एवढं मोजलं की पुरे.

तिसऱ्या प्रॉम्प्टला मूळ निर्णय अजिबात द्यायचा नाही, आणि तो नव्या संवादात सुरू करायचा. त्याच्यापुढे फक्त तपासलेल्या ओळी असतात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात कलम क्रमांक लिहायची सक्ती. मूळ दिलं तर मॉडेल न तपासलेला मजकूर तिथून थेट उचलतं आणि पहिल्या टप्प्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. तपासताना पत्रकातली प्रत्येक संख्या, `saaf` लावून, त्या क्रमांकाच्या ओळीत शोधायची.

संख्या जुळली तरी अर्थ सरकू शकतो. 'अडीच लाखांपेक्षा अधिक नसावे' याचं सोपं रूप म्हणून 'अडीच लाखांपेक्षा कमी असावे' असं लिहून येतं, आणि नेमकं अडीच लाख उत्पन्न असलेलं कुटुंब बाद होतं. (आकडाही इथे अक्षरांत गेला. म्हणून रकमा अंकांतच लिहाव्यात असं तिसऱ्या प्रॉम्प्टमध्ये बजावून ठेवा.) ही चूक कोडला दिसत नाही. त्यासाठी चौथा प्रॉम्प्ट, तोही नव्या संवादात: पत्रकातलं एक वाक्य आणि त्याची मूळ ओळ शेजारी ठेवून विचारायचं, 'पहिल्या वाक्यानुसार पात्र पण दुसऱ्यानुसार अपात्र, किंवा उलट, अशी व्यक्ती असू शकते का? असल्यास तिचं उदाहरण दे.' 'हे बरोबर आहे का?' असं विचारलं तर बहुतेक वेळा 'हो' येतं. उदाहरण मागितलं की सीमेवरची व्यक्ती शोधावी लागते. तरीही 'किमान', 'कमाल', 'पर्यंत', 'पूर्वी' असे शब्द असलेली वाक्यं माणसाने वाचायचीच.

दोन पानांच्या परिपत्रकासाठी एवढा खटाटोप करू नका. ते स्वतः वाचून लिहिणं लवकर होतं. मोठ्या निर्णयासाठी मात्र प्रत्येक टप्प्याचं उत्तर वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा. शुद्धिपत्रक निघून कलम ४.३ बदललं, तर त्या कलमाच्या ओळी नव्याने काढायच्या, त्यावर बेतलेली वाक्यं क्रमांकावरून शोधायची आणि तेवढीच तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातून पुन्हा न्यायची.