आकडा नव्हे, प्रसंग लिहा

कामगिरीच्या रिव्ह्यूच्या स्लाइड डेकवरून टीममधल्या कुणाला फीडबॅकचं पत्र लिहिताना रेटिंग आणि शेरे जसेच्या तसे उतरवू नका. स्लाइडवरचा शेरा मॅनेजरांच्या बैठकीसाठी लिहिलेला असतो, तिथे सगळ्यांना संदर्भ माहीत असतो. पत्र वाचणाऱ्याला मात्र ‘संवाद: ५ पैकी २, आणखी प्रोअ‍ॅक्टिव्ह हवी’ यातून काहीच हाती लागत नाही.

आधी शेरा देणाऱ्याला विचारा, ‘हे नेमकं कधी जाणवलं?’ मग तो प्रसंग लिहा: ‘मार्चच्या रिलीजला पेमेंटचं काम दोन दिवस लांबणार हे तुला सोमवारी कळलं होतं, पण टेस्टिंगला बुधवारी समजलं. त्यांना शनिवारी यावं लागलं. पुढच्या वेळी तारीख हलतेय असं वाटलं की त्याच दिवशी ग्रुपवर टाक.’ सहकाऱ्याने गुप्तपणे दिलेला शेरा असेल, तर प्रसंगावरून नाव ओळखू येणार नाही ना, हे तपासा.

प्रसंग सापडलाच नाही, तर तो शेरा पत्रात घेऊ नका. रेटिंग कशावर दिलं, हे मॅनेजरला पुन्हा विचारा. आणि कमी रेटिंग गोड शब्दांत लपवू नका. ते थेट पगारवाढीच्या पत्रातून कळलं, तर मनाला फार लागतं.