मंदीत बिनपगारी रजा आणि पगारकपात: सही करण्याआधी या चुका टाळा

ऑर्डर आटल्या की कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एक ठरलेला प्रकार दिसतो. सुपरवायझर शिफ्ट सुटताना रजेचे छापील अर्ज वाटतो. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' आधीच लिहिलेलं असतं, तारखा भरलेल्या असतात, फक्त सही बाकी असते. "आठ दिवस घरी बसा, माल उठला की बोलवतो." सगळे सही करतात, म्हणून आपणही करतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मालकाकडे काम नाही म्हणून कामगाराला घरी बसवणं याला कायद्यात ले-ऑफ म्हणतात आणि त्याची भरपाई द्यावी लागते. कामगाराने स्वतः मागितलेल्या बिनपगारी रजेचे पैसे मात्र कोणीच देणं लागत नाही. त्या एका सहीने ले-ऑफची रजा होते, आणि पुढे तक्रार केली तर कंपनी तोच अर्ज पुढे करते. म्हणून सही करू नका. करावीच लागली, तर कारण खोडून स्वतःच्या हाताने लिहा: 'काम उपलब्ध नसल्याने कंपनीच्या सांगण्यावरून.' मग खिशातल्या मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढा.

पैशात फरक किती पडतो

समजा एका मशीन शॉपमध्ये 72 कायम कामगार आहेत. त्यातल्या एका टर्नरचा महिना 20,000 रुपये: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600, बाकी 4,400 घरभाडं आणि इतर भत्ते. महिन्याचे कामाचे दिवस 26. ट्रॅक्टरच्या पार्ट्सचा माल गोदामात साचला म्हणून त्याला आठ दिवस घरी बसवलं.

बिनपगारी रजा धरली तर आठ दिवसांचे 6,154 रुपये कापले जातात आणि हातात 13,846 पडतात. ले-ऑफ धरला तर त्या आठ दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम द्यावी लागते. रोजचे 600, त्याचे निम्मे 300, आठ दिवसांचे 2,400. म्हणजे हातात 16,246. मध्ये येणारी साप्ताहिक सुट्टी या दिवसांत मोजत नाहीत. घरभाडं आणि इतर भत्त्यांवर भरपाई मिळत नाही, त्यामुळे एकूण पगाराच्या निम्म्याची अपेक्षा धरू नका.

ही भरपाई मिळायला तीन गोष्टी लागतात. कारखान्यात सरासरी 50 किंवा जास्त कामगार हवेत, तो हंगामी नसावा, आणि तुमची सलग एक वर्षाची नोकरी हवी, म्हणजे साधारणपणे मागच्या 12 महिन्यांत 240 दिवस भरलेले. हे नियम जुन्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी हा गाभा तसाच आहे. मोठा बदल परवानगीचा आहे. पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला ले-ऑफसाठी सरकारची आधी परवानगी लागायची, आता ती मर्यादा 300 वर गेली आहे.

50 पेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या शॉपमध्ये 'आपल्याला कायदाच लागू नाही' असं मालकही सांगतो आणि कामगारही मान्य करतो. कायद्यातला भरपाईचा भाग लागू नाही हे खरं, पण त्यातून मालकाला फुकट घरी बसवण्याचा अधिकार मिळत नाही. फायरस्टोन टायर प्रकरणात 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ले-ऑफ करण्याचा अधिकार करारात, स्थायी आदेशात म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या लेखी नियमांत, किंवा कायद्यात असावा लागतो, तो मालकाकडे आपोआप येत नाही. तेव्हा अशा ठिकाणी आधी नेमणूकपत्र काढून वाचा. त्यात तशी अट नसेल, तर पूर्ण पगाराची मागणी टिकू शकते.

गेटवर न जाणं

ही चूक फार थोड्यांना माहीत असते. ले-ऑफच्या काळात दिवसातून किमान एकदा, ठरलेल्या वेळी, कामासाठी हजर झालं नाही तर त्या दिवसाची भरपाई जाते. मालकाने 'येऊ नका' असं तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी लेखी विचारा, 'हजेरी कुठे आणि किती वाजता द्यायची?' ले-ऑफमध्येही मस्टर ठेवणं आणि येणाऱ्याची नोंद घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. वॉचमन आत सोडत नसेल तर दोघे-तिघे मिळून गेटवर जा आणि तारीख-वेळ वहीत टिपून एकमेकांच्या सह्या घ्या. हजर झाल्यावर दोन तासांत काम मिळालं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. जवळच्या दुसऱ्या युनिटमध्ये त्याच पगारावर तुम्हाला जमणारं काम दिलं आणि तुम्ही ते नाकारलं, तरीही भरपाई जाते.

आणखी एक कागद जपून वाचा. वर्षात 45 दिवसांपेक्षा जास्त ले-ऑफ झाला, तर पुढच्या दिवसांची भरपाई फक्त तसा करार असेल तरच थांबते. हे एक वाक्य पगारवाढीच्या करारात मागच्या पानावर घातलेलं सापडतं.

घरी न बसवता पगारच कमी केला तर

इथे गप्प राहणं नडतं. कामगाराचा पगार कमी करायचा असेल तर मालकाला 21 दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. मंदी आहे म्हणून ही नोटीस माफ होत नाही. 'कोविडमध्ये सगळ्यांनी कापलाच की' हे उत्तर हमखास येतं. पण जून 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीतल्या पगाराबाबत मालक-कामगारांना आपसात बोलणी करायला सांगितलं होतं, एकतर्फी कपातीला मोकळीक दिली नव्हती.

नोटीस लागली म्हणजे तुमची संमती झाली असं नाही. त्या 21 दिवसांतच युनियनने, युनियन नसेल तर कामगारांनी मिळून, सांगली किंवा सातारच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी वाद उपस्थित करावा. तिथे समेटाची कार्यवाही सुरू झाली की त्या वादातल्या अटी मालकाला कामगाराच्या तोट्याच्या बाजूने परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. 22 व्या दिवशी गेलात तर हे कवच उशिरा मिळतं.

कपात झालेला पगार बँकेत आला तर परत करायची गरज नाही. मात्र त्याच आठवड्यात कंपनीच्या ईमेलवर किंवा रजिस्टर पोस्टाने इतकंच कळवा: 'या महिन्याच्या पगारात अमुक रुपये कमी आले आहेत. या कपातीस माझी संमती नाही. रक्कम हरकत नोंदवून स्वीकारत आहे.' पाच-सहा महिने काही न बोलता पगार घेत राहिलात, तर ती मूक संमती होती असा युक्तिवाद होतो. आणि तुम्ही संमती दिलीत तरी किमान वेतनाच्या खाली पगार नेता येत नाही, तसा करार रद्दच धरला जातो.

मॅनेजर, तसंच महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असलेला पर्यवेक्षक, यांना 21 दिवसांच्या नोटिशीचं आणि ले-ऑफ भरपाईचं संरक्षण नाही. त्यांचं सगळं नेमणूकपत्रावर. तरीही मालकाला एकट्याने करार बदलता येत नाही. हुद्द्यावर जाऊ नका, प्रत्यक्ष काम बघितलं जातं. 'सुपरवायझर' लिहिलेला माणूस दिवसभर लेथ चालवत असेल तर तो कामगारच.

मुदतींचा गोंधळ करू नका. ले-ऑफ भरपाईच्या वसुलीसाठी एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. कापलेल्या पगाराच्या दाव्याला वेतन संहितेत तीन वर्षं आहेत. दोन्हीसाठी कपातीआधीच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, बँक पासबुक, नेमणूकपत्र, नोटिशीचा फोटो आणि हजेरीची ती वही एकत्र ठेवा. स्लिप मिळत नसेल तर आजच लेखी मागा, कारण मूळ पगार आणि महागाई भत्ता किती हे त्याशिवाय दाखवता येत नाही, आणि भरपाईचा हिशोब त्याच दोन आकड्यांवर चालतो.